जादा शब्द नेमके कुठून कापायचे? प्रबंधाच्या शब्दमर्यादेचा हिशेब

प्रबंधाची सगळी प्रकरणं पहिल्यांदा एका फाइलमध्ये एकत्र येतात आणि शब्दसंख्येचा आकडा दिसतो: ८९,५००. मर्यादा ८०,००० ची असते आणि प्रबंध जमा करायला थोडेच आठवडे उरलेले असतात. अशा वेळी काही जण पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि जिथे जमेल तिथे शब्द काढत जातात. तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोचेस्तोवर ते थकतात आणि पुढची प्रकरणं आहेत तशीच राहतात. दुसरे काही जण सरळ ठरवतात की प्रत्येक प्रकरणातून सारखेच टक्के कापायचे. हा दुसरा मार्ग न्याय्य वाटतो, पण माझ्या मते प्रबंधाचं जास्त नुकसान तोच करतो.

त्याचं कारण प्रबंध लिहिला जातो त्या क्रमात आहे. पूर्वसंशोधनाचा आढावा सहसा सुरुवातीच्या काळात लिहिला जातो, तेव्हा हाताशी वेळ असतो आणि नवीन वाचलेलं सगळंच महत्त्वाचं वाटत असतं. म्हणून तो फुगतो. चर्चा आणि निष्कर्ष ही प्रकरणं शेवटच्या घाईत होतात, म्हणून ती आधीच कमी भरतात. सगळ्यांना सारखी कात्री लावली, की फुगलेलं प्रकरण थोडं कमी फुगलेलं राहतं आणि उपाशी प्रकरण आणखी उपाशी होतं. कापायचं ते प्रकरणाच्या लांबीच्या प्रमाणात नाही, तर त्यात जादा किती आहे त्या प्रमाणात. आणि जादा किती हे कळायला आधी प्रत्येक प्रकरणाला किती शब्द द्यायचे होते हे ठरलेलं असावं लागतं.

आधी बजेट

पहिला प्रश्न असा की मर्यादेत काय काय मोजलं जातं. संदर्भसूची बहुतेक ठिकाणी मोजली जात नाही, पण तळटीपा, तक्त्यांतला मजकूर, सारांश आणि परिशिष्टं यांबाबत प्रत्येक विद्यापीठाचे, कधीकधी प्रत्येक विभागाचे नियम वेगळे असतात. हा नियम लेखी स्वरूपात शोधून वाचावा, मित्राच्या अनुभवावर भागवू नये. मानव्यविद्यांतल्या प्रबंधात तळटीपा सहज हजारो शब्दांच्या होतात आणि त्या धरायच्या की नाहीत एवढ्यावरच सगळा हिशेब फिरू शकतो. वर्डमध्ये शब्दसंख्येची चौकट उघडली, की `Include textboxes, footnotes and endnotes` असा पर्याय दिसतो. नियमाप्रमाणे तिथली खूण ठेवावी किंवा काढावी आणि मग शेवटपर्यंत ती बदलू नये. लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांना प्रकरणवार आकडे एका आज्ञेने मिळतात:

```
texcount -inc -sub=chapter main.tex
```

टेक्सकाउंट मुख्य मजकूर, शीर्षकं आणि चित्रांखालच्या ओळी वेगवेगळ्या मोजतं, त्यामुळे कोणता आकडा धरायचा हेही एकदाच ठरवून टाकावं.

मर्यादा समजली की तिच्यातून थोडे शब्द बाजूला ठेवायचे. मी सुमारे पाच टक्के सुचवतो, म्हणजे ८०,००० मधून ४,०००. मार्गदर्शक शेवटच्या वाचनात कुठेतरी दोन परिच्छेद वाढवायला सांगतातच, आणि हा साठा नसेल तर त्या दोन परिच्छेदांसाठी पुन्हा सगळीकडे कात्री न्यावी लागते. वाटायला उरले ७६,०००.

आता वाटप. सात प्रकरणं आहेत म्हणून सातने भागायचं, असं कोणी करत नाही. पण बरेच जण ओळखीच्या एखाद्या प्रबंधाची अनुक्रमणिका समोर ठेवून तिचीच मापं उचलतात, तेही फारसं उपयोगाचं नसतं. त्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: या प्रबंधात जे नवीन आहे, जे माझ्याआधी कोणी सांगितलेलं नाही, ते कुठल्या प्रकरणांत आहे? त्या प्रकरणांना मिळून निम्मे शब्द द्यावेत. उरलेल्या निम्म्यात प्रस्तावना, आढावा, पद्धती आणि निष्कर्ष. हा काही नियम नाही. ज्याचं योगदानच नवी पद्धत तयार करण्याचं आहे, त्याचं पद्धतीचं प्रकरण साहजिकच मोठं असेल. पण विश्लेषण आणि चर्चा मिळून चाळीस टक्क्यांच्याही खाली जात असतील, तर तो प्रबंध दुसऱ्यांच्या कामाचं वर्णन होत चालला आहे, असं मी समजतो.

मुलाखतींवर आधारलेल्या एका प्रबंधाचं उदाहरण घेऊ. आकड्यांच्या पहिल्या स्तंभात ठरवलेले शब्द आहेत, दुसऱ्यात मसुद्यात प्रत्यक्ष झालेले.

| प्रकरण | बजेट | मसुदा | फरक |
|---|---|---|---|
| १. प्रस्तावना | ७,००० | ८,२०० | +१,२०० |
| २. पूर्वसंशोधनाचा आढावा | १४,००० | २१,५०० | +७,५०० |
| ३. संशोधन पद्धती | १०,००० | १२,४०० | +२,४०० |
| ४. विश्लेषण, भाग एक | १४,००० | १७,६०० | +३,६०० |
| ५. विश्लेषण, भाग दोन | १४,००० | १५,३०० | +१,३०० |
| ६. चर्चा | ११,००० | १०,२०० | −८०० |
| ७. निष्कर्ष | ६,००० | ४,३०० | −१,७०० |
| एकूण | ७६,००० | ८९,५०० | +१३,५०० |

चौथं, पाचवं आणि सहावं प्रकरण मिळून बजेटमध्ये ३९,००० शब्द आहेत, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त.

प्रकरणाचे शब्द विभागांत वाटताना मला परिच्छेदांत मोजणं सोपं वाटतं. दोनशे शब्दांचा एक परिच्छेद धरला, तर ४,००० शब्दांच्या विभागात वीस परिच्छेद बसतात. "या विभागात वीस मुद्दे मांडता येतील" हे लिहिणाऱ्याला लगेच उमगतं. नुसता ४,००० हा आकडा काही सांगत नाही. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच येतात. "घरासमोरून" हा आपल्याकडे एक शब्द मोजला जातो, तेच इंग्रजीत सांगायला अनेक शब्द लागतात. त्यामुळे इंग्रजी प्रबंधाचं बजेट जसंच्या तसं उचललं, तर मराठीत ते ढगळ होतं आणि तेवढ्याच शब्दांत बराच जास्त मजकूर मावतो.

कपातीचं गणित

आता मसुदा खाली आणायचा. थेट ८०,००० वर नाही, ७८,००० वर. चार हजारांच्या साठ्यातले दोन हजार आता वापरू आणि दोन हजार शेवटच्या दुरुस्त्यांसाठी राखू. ८९,५०० मधून ७८,००० वजा केले की ११,५०० शब्द काढायचे ठरतात.

सरसकट कापलं तर प्रत्येक प्रकरणातून सुमारे १२.८ टक्के जातील. आढावा तरीही १८,७०० च्या आसपास राहील, म्हणजे ठरल्यापेक्षा साडेचार हजारांहून अधिक जास्त. निष्कर्षाचे ४,३०० शब्द मात्र ३,७५० वर येतील, आणि ते प्रकरण तर आधीच अपुरं होतं. परीक्षक बारकाईने वाचतात ते हेच प्रकरण, आणि त्यात पुढच्या संशोधनाच्या दिशा एका परिच्छेदात गुंडाळलेल्या असतील.

म्हणून हिशेब जादा शब्दांवर करायचा. कमी भरलेल्या प्रकरणांना हात लावायचा नाही, उलट त्यांना थोडं द्यायचं. इथे निष्कर्षाला १,००० आणि चर्चेला ५०० शब्द वाढवून देऊ. हे दीड हजारही कुठून तरी यायला हवेत, त्यामुळे एकूण कपात ११,५०० ऐवजी १३,००० होते. वाढ धरायला विसरणं ही इथली नेहमीची चूक आहे. कापून झाल्यावर निष्कर्ष नीट लिहायला बसलं, की आकडा पुन्हा मर्यादेकडे सरकतो.

पहिल्या पाच प्रकरणांतले जादा शब्द मिळून १६,००० होतात. त्यातले १३,००० काढायचे, म्हणजे प्रत्येक जादा शंभरामागे ८१ पेक्षा थोडे जास्त. प्रस्तावनेतून ९७५, आढाव्यातून ६,०९४, पद्धतीतून १,९५०, चौथ्यातून २,९२५ आणि पाचव्यातून १,०५६. स्प्रेडशीटमध्ये हे दोन सूत्रांत होतं. बजेट `B` स्तंभात आणि मसुदा `C` मध्ये असेल, तर `D` मध्ये जादा शब्द आणि `E` मध्ये कपात:

```
D2:  =MAX(0, C2-B2)
E2:  =D2*$G$1/SUM($D$2:$D$8)
```

`G1` मध्ये एकूण कपात, म्हणजे १३,००० लिहायची आणि सूत्रं आठव्या ओळीपर्यंत ओढायची. `MAX` मुळे कमी भरलेल्या प्रकरणांच्या वाट्याला शून्य येतं.

पण काही प्रकरणं एका मर्यादेखाली आणता येत नाहीत. आपल्या उदाहरणात चौथ्या प्रकरणात मुलाखतींतली लांब उद्धृतं आहेत आणि सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे. मार्गदर्शकांबरोबर पुन्हा वाचल्यावर असं ठरलं की त्यातून फार तर २,००० शब्द निघतील. मग ते प्रकरण २,००० वर कुलूपबंद करायचं आणि उरलेले ११,००० बाकी चार प्रकरणांत पुन्हा वाटायचे. त्या चौघांत मिळून १२,४०० जादा शब्द आहेत. नवं वाटप असं येतं: प्रस्तावना १,०६५, आढावा ६,६५३, पद्धती २,१२९ आणि पाचवं प्रकरण १,१५३. असं कुलूप एखाद्या प्रकरणाला लावायला हरकत नाही. तीन-चार प्रकरणांना लावावंसं वाटू लागलं, तर मूळ बजेटच चुकलं होतं हे मान्य करावं आणि ते नव्याने मांडावं.

विभागाच्या पातळीवर

आढाव्यातून ६,६५३ शब्द काढायचे, एवढं कळून हातात कात्री घेता येत नाही. तोच हिशेब आता प्रकरणाच्या आत करायचा. समजा या प्रकरणाचे पाच विभाग आहेत. तोंडओळखीला ६०० ठरले होते, झाले ९००. सैद्धांतिक चौकटीला ४,००० ठरले होते, झाले ८,३००. पूर्वीच्या अभ्यासांचे दोन विभाग ४,००० आणि ३,६०० चे होते, ते ५,६०० आणि ५,४०० झाले. शेवटच्या विभागात आधीच्या संशोधनातली उणीव दाखवून आपला प्रश्न पुढे आणायचा असतो. त्याला १,८०० ठरले होते आणि झाले फक्त १,३००.

हे आकडे पाहिले की रोग लगेच कळतो. सगळ्यांत महत्त्वाचा विभाग सगळ्यांत घाईत लिहिला गेला आहे. त्याला साडेतीनशेच्या आसपास शब्द वाढवून दिले, तर बाकीच्या चार विभागांतून बरोबर ७,००० काढावे लागतात. त्यांच्यातले जादा शब्द ८,००० आहेत, म्हणजे प्रमाण साडेसत्याऐंशी टक्के. सैद्धांतिक चौकटीतून सुमारे ३,७६०, अभ्यासांच्या दोन विभागांतून १,४०० आणि १,५७५, आणि तोंडओळखीतून २६० जातात.

आता प्रत्येक ठिकाणी कपात मूळ मजकुराच्या किती टक्के आहे हे पाहावं. माझ्या दृष्टीने सगळ्या हिशेबातला सर्वांत उपयोगी आकडा हाच आहे, कारण कोणतं हत्यार वापरायचं हे तो सांगतो. पाचव्या प्रकरणातून साडेसात टक्के काढायचे आहेत. तेवढे वाक्यं घासूनपुसून निघतात: "असे दिसून येते की", "या ठिकाणी हे नमूद करणे आवश्यक आहे की" असल्या सुरुवाती, एकाच अर्थाचे जोडशब्द, एकाच विधानामागे लावलेली पाच-पाच नावं. प्रस्तावनेतले तेरा आणि पद्धतीतले सतरा टक्के असे निघणार नाहीत. तिथे अख्खे परिच्छेद जावे लागतात. सैद्धांतिक चौकटीतून तर पंचेचाळीस टक्के जायचे आहेत. तिथे वाक्यं घासत बसणं म्हणजे आठवडा वाया घालवणं. आठ हजारांतल्या प्रत्येक वाक्यातून दोन-तीन शब्द काढले, की मजकूर तुटक होतो आणि तरी आकडा निम्म्यावर येत नाही. इथे एखादी गोष्टच सोडून द्यावी लागते. त्या विभागात तीन सिद्धांत मांडलेले असतील, तर विश्लेषणाच्या दोन प्रकरणांत त्यांपैकी कोणते प्रत्यक्ष वापरले आहेत हे शोधावं. जो तिथे एकदाही कामी आलेला नाही, तो जाईल. फाइलमध्ये त्या सिद्धांताचं नाव शोधून कुठल्या प्रकरणात किती वेळा येतं ते मोजलं, तर पाच मिनिटांत उत्तर मिळतं. स्वतःच्या मनाला विचारलं तर मिळत नाही, कारण त्या वाचनावर घालवलेले महिने आठवत राहतात.

म्हणून क्रम मोठ्याकडून लहानाकडे ठेवावा. आधी अख्खे विभाग, मग परिच्छेद आणि सगळ्यांत शेवटी वाक्यं. उलट केलं तर काळजीपूर्वक घासलेला परिच्छेद दुसऱ्या दिवशी पूर्णच काढून टाकायची वेळ येते.

प्रकरणांमधली पुनरुक्ती मात्र या सगळ्याच्या आधी शोधावी, कारण ती काढल्याने काहीच हरवत नाही. एकच पार्श्वभूमी प्रस्तावनेत थोडक्यात, आढाव्यात सविस्तर आणि चर्चेत "पुन्हा एकदा" अशी तीन ठिकाणी सापडते. नमुना कसा निवडला हे पद्धतीच्या प्रकरणात येतं आणि विश्लेषणाच्या दोन्ही भागांच्या सुरुवातीला पुन्हा येतं. प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन पानांच्या प्रती काढून एका बैठकीत सलग वाचाव्यात. "मागील प्रकरणात आपण पाहिले" आणि "पुढील प्रकरणात आपण पाहू" या धाटणीचा मजकूर तिथेच साचलेला असतो.

कुठे फसतं

सर्वांत जास्त फसवतं ते स्थलांतर. आढाव्यातून काढलेला चांगला परिच्छेद टाकवत नाही म्हणून तो चर्चेत नेला जातो. आढावा कमी झाला याचं समाधान मिळतं, पण एकूण आकडा हलतच नाही आणि चर्चेला दिलेले पाचशे शब्द परक्या मजकुराने भरून जातात. काढलेलं सगळं एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवावं. टाकून दिलेलं नाही एवढ्या भरवशावर हात मोकळेपणाने चालतो, आणि पुढे त्यातूनच एखादा शोधनिबंधही उभा राहू शकतो. परिशिष्टाचंही तसंच. परिशिष्टं मर्यादेत धरली जात असतील, तर तिकडे हलवून काहीच मिळत नाही. धरली जात नसतील तरी युक्तिवादाला लागणारा मजकूर तिकडे ढकलू नये, कारण परीक्षकांनी परिशिष्ट वाचावं असं बंधन बहुधा नसतं. मुलाखतीची प्रश्नावली किंवा पूर्ण तक्ते तिथे शोभतात, पुराव्याचा गाभा नाही.

आकडा चुकीचा मोजला जातोय हे ओळखायची खूण म्हणजे प्रकरणांची बेरीज आणि एकत्र फाइलचा आकडा जुळत नाही. प्रकरणं वेगवेगळ्या फाइलमध्ये असली की एकीत तळटीपा धरलेल्या असतात, दुसरीत नसतात, किंवा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी जुनी संदर्भसूची चिकटून राहिलेली असते. फरक शंभर-दोनशेचा असेल तर शीर्षकं आणि अनुक्रमणिकेचा असू शकतो. हजारांचा असेल तर कापायला सुरुवात करण्याआधी तो शोधलाच पाहिजे.

कपातीच्या काळात रोज नाही, पण प्रत्येक विभाग संपला की तक्त्यात नवा आकडा भरावा. एखादा विभाग ठरल्यापेक्षा शे-दोनशे शब्दांनी जास्त राहिला तर ते शब्द त्याच प्रकरणातल्या दुसऱ्या विभागातून काढावेत, दुसऱ्या प्रकरणावर ढकलू नयेत. नाहीतर पाचव्या प्रकरणापर्यंत पोचताना आधीच्या चौघांची थकबाकी त्याच्या डोक्यावर येते.

आकडा ७८,००० वर आला की एक वाचन फक्त तुटलेल्या धाग्यांसाठी करावं. काढलेल्या विभागाकडे बोट दाखवणारी "वर चर्चा केल्याप्रमाणे" अशी वाक्यं, बदललेले विभाग क्रमांक, मजकुरातून गेलेली पण संदर्भसूचीत राहिलेली नावं, आणि पहिल्यांदा जिथे पूर्ण रूप दिलं होतं तो परिच्छेदच गेल्यामुळे अर्थहीन झालेली संक्षिप्त रूपं. प्रस्तावनेतलं प्रकरणांचं वर्णनही या वेळी पुन्हा वाचावं. आपल्या उदाहरणात तिथे अजून लिहिलेलं असतं की दुसऱ्या प्रकरणात तीन सिद्धांतांची चिकित्सा केली आहे. आता तिथे दोनच आहेत.